बिल पाठवायच्या आधी पीओ नंबर कसा मागायचा?

रेघोटी
नमस्कार मंडळी. मी कारखान्यांसाठी मराठीत ऑपरेटर मॅन्युअल आणि मशीनवर लावायचे सूचनाफलक करते, भाषांतर आणि मांडणी दोन्ही. आजवर बहुतेक कामं छोट्या युनिट्सची होती, मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर बिल टाकलं की आठवड्याभरात पैसे यायचे. आता पहिल्यांदाच चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं काम केलंय, प्रेस शॉपचं मॅन्युअल आणि फलक, ८०,००० अधिक जीएसटी. १४ मार्चला सगळ्या फायली दिल्या आणि त्याच दिवशी सेफ्टी मॅनेजरनी मेलवर ओके कळवलं.

आता साहेब म्हणतायत की ३१ मार्चच्या आत बिल टाका नाहीतर बजेट जाईल, पीओचं, म्हणजे त्यांच्या पर्चेस ऑर्डरचं, नंतर बघू. पण माझ्या मैत्रिणीचं अशाच एका कंपनीतून बिल परत आलं होतं, कारण एकच, बिलावर पीओ नंबर नाही. त्यामुळे मला नंबर हातात आल्याशिवाय बिल काढायचं नाहीये. तो मागायचा कोणाकडे आणि कसा, म्हणजे साहेबांना असं वाटायला नको की मी त्यांच्यावर अविश्वास दाखवतेय? आणि तोवर बिल थांबवलं तर जीएसटीत काही अडचण होते का?

निवांत
सरळ फोन करून विचारा की. नंबरच तर मागताय, किडनी नाही 😀

भोसरीचा_पान्हा
ताई बिल थांबवताय ते बरोबर करताय. आमचा कॉम्प्रेसर सर्व्हिसिंगचा धंदा आहे, सगळी गिऱ्हाईकं मोठ्या कंपन्या. साहेब लोकांचा शब्द खरा असतो हो, पण साहेब बिल पास करत नाहीत, बिल पास करतं सिस्टीम. साहेबाची बदली झाली की तो शब्द पण बदलून जातो.

शंतनू_के
पण पीओ नंबर तर जीएसटी कायद्यानुसार बिलावर कंपल्सरीच आहे ना? त्यामुळे साहेबांना कायद्याचं नाव सांगून मोकळं व्हायचं, वाईट वाटायचा प्रश्नच नाही.

सीए_सातारा
शंतनू, कंपल्सरी नाहीये. जीएसटीच्या नियम ४६ मध्ये बिलावर काय काय हवं त्याची यादी आहे, दोघांची नावं, पत्ते, जीएसटीआयएन, बिलाचा अनुक्रमांक, तारीख, एचएसएन किंवा सॅक, रक्कम, कर वगैरे. त्यात पीओ नंबर नाही. कायद्याच्या नजरेत पीओशिवायचं बिल पूर्ण बिल आहे, आणि अडचण तिथेच होते. क्लायंटने बिल परत पाठवलं तरी तुमच्या बाजूने ते निघालेलं असतं. मार्चच्या तारखेचं बिल काढलं की ते मार्चच्या रिटर्नमध्ये जाणार, मासिक रिटर्न असेल तर २० एप्रिलपर्यंत १४,४०० रुपये खिशातून भरायचे. क्लायंटने ते बिल बुक केलंय की नाही हे तुम्हाला कोणी विचारत नाही.

आता रेघोटी यांचा दुसरा प्रश्न. सेवेचं बिल काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत काढायचं असतं. १४ मार्चला काम पूर्ण, म्हणजे १३ एप्रिलपर्यंत वेळ आहे. त्याच्या आत काढलंत तर कराच्या हिशेबाला बिलाची तारीख धरतात, अर्थात मधे पैसे आले नसतील तर. ३० दिवस उलटून गेले तर मात्र काम पूर्ण झालं ती तारीख धरली जाते, म्हणजे कर मार्चचाच आणि वर व्याज. थोडक्यात, थांबायला जागा आहे पण ती १३ एप्रिलपर्यंतच.

रेघोटी
धन्यवाद सीए. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी समजत होते बिल कधीही काढता येतं. पण साहेबांचं ३१ मार्चचं काय करू? त्यांचं बजेट माझ्यामुळे गेलं तर पुढचं काम कशाला देतील.

उमा_ठाणे
आमच्याकडे उलट त्रास आहे. मी माझ्या सप्लायरना पीओ देते तरी ते बिलावर नंबर लिहीतच नाहीत, दर वेळी फोन करावा लागतो. यावर काही उपाय?

निवांत
उमाताई, धागा तुमच्या सप्लायरना पाठवा.

हिशेबनीस
उशिरा आलो, पण हा माझा विषय आहे. मी पिंपरीत एका मोठ्या कंपनीच्या अकाउंट्समध्ये व्हेंडर पेमेंटच्या डेस्कवर नोकरी काढली. तेव्हा बिल परत पाठवणारा माणूस मीच, म्हणून त्या टेबलावर काय होतं ते सांगतो.

रोज बिलांचा गठ्ठा येतो, हल्ली मेलबॉक्समध्ये येतो. ती बुक करणारा मुलगा बहुतेक वेळा कंपनीचासुद्धा नसतो, आउटसोर्स केलेला असतो, दुसऱ्या शहरात बसलेला. त्याला तुमचं काम माहीत नाही, सेफ्टी मॅनेजर माहीत नाही. त्याच्या स्क्रीनवर पहिला रकाना पीओ नंबरचा. तो टाकला की व्हेंडरचं नाव, कामाची ओळ, दर, कराचा कोड, पैशाची मुदत, सगळं आपोआप येतं. मग सिस्टीम बघते की या ओळीवर काम झाल्याची नोंद कोणी केलीय का, मालाला जीआरएन आणि सेवेला सर्व्हिस एंट्री. पीओ, नोंद आणि बिल, तिन्ही जुळली तर बिल पुढे जातं. नंबर नसेल तर पहिलाच रकाना रिकामा, आणि हे काम कोणाचं हे शोधत बसायला त्याला वेळ नसतो, दिवसाला किती बिलं उरकली यावर त्याचं माप असतं. म्हणून तो 'पीओ नंबर नाही' असं कारण टाकून परत पाठवतो. त्यात तुमच्यावर राग नसतो.

आता तुमच्या साहेबांचं ३१ मार्च. वर्षअखेरीला काम झालंय पण बिल आलेलं नाही अशा खर्चाची आम्ही प्रोव्हिजन करायचो. त्याला तुमचं बिल लागत नाही, डिपार्टमेंटचा मेल लागतो, अमुक काम अमुक तारखेला पूर्ण झालं आणि अमुक रकमेचं बिल यायचंय. साहेबांनी हा मेल त्यांच्या अकाउंट्सला पाठवला तर खर्च याच वर्षात पडतो आणि बिल एप्रिलचं असलं तरी चालतं. प्रत्येक कंपनीचं बजेट सारखं चालत नाही, पण हा मार्ग साहेबांना नक्की सुचवा. पीओ नसलेलं मार्चचं बिल मात्र ना बुक होतं ना बजेट वाचवतं, नुसतं मेलबॉक्समध्ये पडून राहतं.

भोसरीचा_पान्हा
हिशेबनीस काका एकदम बरोबर. त्या परत आलेल्या मेलला उत्तर दिलं तर ते कोणाकडेच जात नाही हे पण लिहा 😀 नो-रिप्लाय असतो.

टेम्सकाठ
इकडे इंग्लंडमध्ये अनेक नगरपालिका आणि सरकारी रुग्णालयांचं उघड धोरणच आहे, पीओ नाही तर पैसे नाहीत, आणि ते वेबसाइटवर लिहिलेलं असतं. मी दुभाषाचं काम करते. नंबर आल्याशिवाय इथे कोणी कामाला हातच लावत नाही आणि कोणाला त्याचं वाईटही वाटत नाही. आपल्याकडे कामाच्या आधी का मागत नाहीत?

भोसरीचा_पान्हा
ताई, रात्री दोनला कॉम्प्रेसर बंद पडला की लाईन उभी राहते. तेव्हा साहेबाला म्हणू का की आधी पीओ द्या? त्या वेळी जो पोचतो त्यालाच वर्षाचं काम मिळतं.

खरेदी_खाते
पान्हा, ब्रेकडाऊनचं वेगळं आहे, त्यासाठी आम्ही वर्षाचा ओपन पीओ करून ठेवतो. मॅन्युअल छापायचं काम काही ब्रेकडाऊन नसतं. मी पर्चेसमध्ये आहे, दुसऱ्या बाजूने सांगते.

'पीओ नंतर बघू' हे साहेब का म्हणतात? बहुतेक वेळा त्यांनी पीआरच टाकलेला नसतो, म्हणजे खरेदीची मागणीच सिस्टीममध्ये नाही. पीआर टाकला की वरची मंजुरी लागते, रक्कम ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर आम्ही दोन-तीन कोटेशन मागतो, आणि साहेबांनी तर काम देऊन टाकलेलं असतं. काम झाल्यावरचा पीओ आमच्या ऑडिटमध्ये निघतो, त्याला वेगळं स्पष्टीकरण आणि वेगळी सही लागते. ते टाळायला साहेब बिल आधी मागतात, की बिल आलंय आता पीओ करून द्याच असं आम्हाला म्हणता येतं. आणि बिलाची तारीख पीओच्या आधीची असली की काही कंपन्यांत ते बिल त्याच कारणाने पुन्हा परत जातं. म्हणून रेघोटी, तुम्ही थांबताय ते तुमच्याइतकंच साहेबांच्याही सोयीचं आहे, हे त्यांना सांगा.

आणि 'पीओ नंबर द्या' असं विचारू नका. 'पीआर नंबर मिळेल का' असं विचारा. नंबर मिळाला तर गाडी कुठे अडलीय ते कळतं, आणि तुम्ही थेट पर्चेसला सांगू शकता की अमुक पीआरवरचा पीओ हवाय. नाही मिळाला तर समजायचं की अजून काही सुरूच झालेलं नाही.

शंतनू_के
पण रेघोटी एमएसएमई असतील ना? उद्यम रजिस्ट्रेशन असेल तर ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, इन्कम टॅक्समध्ये तशी तरतूद आलीय. मग पीओच्या मागे कशाला लागायचं, बिल टाकायचं आणि कायदा दाखवायचा.

सीए_सातारा
अर्धं बरोबर. ती तरतूद २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाली. मायक्रो किंवा स्मॉल उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर क्लायंटला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षातच वजा मिळतो. म्हणजे तोटा क्लायंटच्या टॅक्समध्ये आहे, त्याने तुमचं बिल सिस्टीममध्ये आपोआप बुक होत नाही. आणि ४५ दिवस ही कमाल मर्यादा आहे, लेखी करार असेल तरच. करार नसेल तर १५ दिवस. पीओवर ६० किंवा ९० दिवस छापलेले असले तरी मायक्रो-स्मॉलच्या बाबतीत ४५ च्या पुढे जाता येत नाही.

एक गोष्ट मात्र रेघोटींच्या कामाची आहे. हे दिवस बिलापासून नाही, काम स्वीकारल्यापासून मोजतात. १४ मार्चचा साहेबांचा ओके मेल हाच स्वीकार. तो मेल जपून ठेवा. पीओ उशिरा आला म्हणून ते घड्याळ पुढे सरकत नाही. क्लायंटची सिस्टीम मात्र बहुतेक वेळा बिलाच्या किंवा बुक झाल्याच्या तारखेपासून मोजते, त्यामुळे दोन हिशेब वेगळे निघतात.

हिशेबनीस
उद्यमचं सर्टिफिकेट व्हेंडर फॉर्मसोबतच द्या, बिलावर पण उद्यम नंबर छापा. आमच्या सिस्टीममध्ये एमएसएमईचा वेगळा शिक्का असायचा, तो व्हेंडरच्या खात्याला लागतो, एकेका बिलाला नाही.

अरे हो, रेघोटी, मुद्द्याचं विचारायचं राहिलं. तुमचा व्हेंडर कोड झालाय का?

रेघोटी
काका, फेब्रुवारीत एक फॉर्म भरून दिला होता, पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल्ड चेक. त्यानंतर काहीच कळलं नाही. तोच का?

हिशेबनीस
तोच. आणि तो झाला नसेल तर पीओ नंबर मागून उपयोगच नाही, कारण व्हेंडर कोडशिवाय पीओ बनतच नाही. साहेबांनी मनापासून प्रयत्न केला तरी पर्चेसच्या स्क्रीनवर तुमचं नावच येणार नाही. उद्या सकाळी पहिलं काम हे करा, व्हेंडर मास्टर बघणाऱ्या माणसाचा मेल साहेबांकडून घ्या आणि फॉर्म कुठे अडलाय ते विचारा.

कोकणकडा
माझं बिल ऑलरेडी परत आलंय, पीओ नंबर नाही म्हणून. आता क्लायंटने नंबर दिलाय. नवीन नंबरचं बिल काढू का?

भोसरीचा_पान्हा
जुनं बिल उलटवायला क्रेडिट नोट करायची आणि नवीन बिल. आमचा मुनीम असंच करतो.

सीए_सातारा
पान्हा, नुसता पीओ नंबर राहिला असेल तर तेवढं करायची गरज नाही. कोकणकडा, तेच बिल, तोच नंबर, तीच तारीख, फक्त पीओचा संदर्भ घालून पुन्हा पाठवा, कारण कराशी संबंधित काहीच बदललेलं नाही. नवीन नंबरचं बिल काढलंत आणि जुनं तसंच ठेवलंत तर रिटर्नमध्ये एकाच कामाची दोन बिलं दिसतील आणि कर दोनदा जाईल. नवीन तारीखच हवी असा क्लायंटचा हट्ट असेल तर मग पान्हा म्हणतात तसं, जुन्यावर क्रेडिट नोट आणि नवीन बिल.

ज्यांना ई-इन्व्हॉइस लागतं, म्हणजे उलाढाल पाच कोटींच्या वर, त्यांना त्याचा नंबर म्हणजे आयआरएन २४ तासांतच रद्द करता येतो, त्यानंतर क्रेडिट नोटच. तिथे नंबर आधी घेणं जास्त महत्त्वाचं.

कोकणकडा
क्लायंट म्हणतोय पीओची तारीख बिलाच्या नंतरची आहे म्हणून नवीन तारीख पाहिजे. म्हणजे क्रेडिट नोट. ठीक आहे 😑

भोसरीचा_पान्हा
नंबर मिळाला म्हणून सुटलो असं पण समजू नका कोणी. आमचंच सांगतो. एका कंपनीचा वर्षाचा पीओ होता, त्यात दोन ओळी. पहिली ओळ चार व्हिजिट, प्रत्येकी १५,०००. दुसरी ओळ स्पेअर्स, लागेल तसे, ४०,००० पर्यंत. पहिल्या दोन व्हिजिटमध्ये स्पेअर्सचे २१,५०० झाले. तिसऱ्या व्हिजिटला व्हॉल्व्ह किट आणि सेपरेटर एलिमेंट मिळून २२,००० लागले, स्टोअरच्या माणसाने सही करून घेतले. आम्ही ३७,००० चं एकच बिल टाकलं, नंबर अगदी बरोबर. परत आलं. कारण काय तर दुसऱ्या ओळीत १८,५०० च शिल्लक होते, साडेतीन हजार कमी पडले. तेवढ्या साडेतीन हजारासाठी १५,००० ची व्हिजिट पण अडकली, कारण बिल एक. नंतर कळलं की साहेबाला पीओ वाढवून घ्यायला म्हणजे अमेंडमेंटला महिनाभर लागतो. तेव्हापासून व्हिजिटचं बिल वेगळं आणि स्पेअर्सचं वेगळं, आणि स्पेअर्स बसवायच्या आधी शिल्लक किती ते विचारतो.

खरेदी_खाते
हे अगदी रोज घडतं. आणि स्टोअरची सही म्हणजे पीओतली रक्कम वाढली असं नसतं, पण व्हेंडरला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून नुसता नंबर घेऊ नका, पीओची पूर्ण पीडीएफ मागा. व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी टाईप केलेला दहा आकडी नंबर चुकीचाही असतो, एक आकडा इकडचा तिकडे झाला की दुसऱ्याच व्हेंडरचा पीओ उघडतो.

निवांत
एक प्रामाणिक शंका. एवढं सगळं विचारलं तर गिऱ्हाईक वैतागणार नाही का?

हिशेबनीस
नाही वैतागत, वैतागतं ते परत आलेल्या बिलावर. बिल परत आलं की व्हेंडर साहेबांनाच फोन करतो आणि साहेबांना अकाउंट्सचे फोन जातात. मजकूर देतो, मी व्हेंडरना असाच मेल करायला सांगायचो. इंग्रजीत करा, इथे मराठीत लिहितोय.

'नमस्कार सर, प्रेस शॉप मॅन्युअल आणि फलकांचं काम १४ मार्चला पूर्ण करून दिलं, आपली मान्यता त्याच दिवशी मिळाली. बिल तयार आहे. ते आपल्या अकाउंट्सकडून परत येऊ नये म्हणून कृपया पीओची प्रत पाठवावी. पीओ व्हायचा असल्यास पीआर नंबर आणि पर्चेसमधल्या संबंधित व्यक्तीचा मेल कळवावा, मी पुढचा पाठपुरावा करते. बिल कोणत्या जीएसटीआयएनवर आणि कोणत्या पत्त्यावर काढायचं आणि कोणत्या मेलवर पाठवायचं तेही कळवावं. जीएसटीनुसार मला १३ एप्रिलपर्यंत बिल काढणं भाग आहे, म्हणून त्याआधी पीओ मिळावा ही विनंती. ३१ मार्चसाठी प्रोव्हिजन करायची असल्यास रक्कम ८०,००० अधिक जीएसटी.'

यात 'तुमच्यावर विश्वास नाही' असं कुठे दिसतंय का? पाठपुरावा मी करते म्हटल्यावर साहेबांना बरंच वाटतं. आणि तारीख लिहिल्यामुळे त्यांना पर्चेसला घाई करायला कारण मिळतं.

रेघोटी
काका, हा मेल जसाच्या तसा वापरला. खूप आभार. अपडेट देते.

साहेबांनी प्रोव्हिजनचं लगेच मान्य केलं, त्यांनाही ते माहीत नव्हतं म्हणाले, ३१ तारखेचा दबाव तिथेच संपला. पीआर मात्र टाकलेलाच नव्हता, खरेदी_खाते म्हणाल्या तसंच, तो आता टाकला. आणि व्हेंडर फॉर्म खरंच अडकलेला होता. कारण असं की चेकवर माझ्या फर्मचं नाव आहे आणि पॅनवर माझं स्वतःचं, प्रोप्रायटरशिप आहे ना. व्हेंडर मास्टरवाल्यांनी 'नाव जुळत नाही' अशी नोंद करून ठेवून दिला होता, मला कळवलंच नाही. आता काय देऊ?

हिशेबनीस
जीएसटी सर्टिफिकेटवर दोन्ही नावं असतात, लीगल नाव तुमचं आणि ट्रेड नाव फर्मचं. त्या दोन ओळींवर खूण करून पाठवा, आणि बँकेकडून एक पत्र घ्या की हे खातं अमुक व्यक्तीच्या प्रोप्रायटरशिपचं आहे. बहुतेक ठिकाणी एवढं चालतं.

टेम्सकाठ
पण त्यांनी तुम्हाला कळवायला हवं होतं ना? सगळी धावपळ व्हेंडरनेच का करायची?

खरेदी_खाते
हवं होतं, नक्कीच. आमच्याकडेही अशा फॉर्मचा मेल ज्याने फॉर्म पाठवला त्या डिपार्टमेंटला जातो, व्हेंडरला जात नाही, आणि डिपार्टमेंट तो वाचत नाही. मी आमच्या मीटिंगमध्ये हे मांडलंय पण अजून बदललेलं नाही.

रेघोटी
व्हेंडर कोड झाला! बँकेचं पत्र दोन फेऱ्यांत मिळालं. पीओची पीडीएफ पण आली, तारीख ८ एप्रिल. पण आता नवीनच गोष्ट, पीओवर बिलिंगचा पत्ता बेंगळुरूच्या हेड ऑफिसचा आहे आणि जीएसटीआयएन २९ ने सुरू होतोय. काम तर चाकणला दिलं. मी नेहमीप्रमाणे सीजीएसटी नऊ आणि एसजीएसटी नऊ लावून बिल बनवून ठेवलं होतं. बरं झालं पाठवलं नाही.

सीए_सातारा
फार बरं झालं. २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक. तुमच्यासारख्या सेवेला, गिऱ्हाईक नोंदणीकृत असेल तर ज्या नोंदणीवर सेवा दिली ते ठिकाण धरतात. बेंगळुरूच्या जीएसटीआयएनवर बिल काढायचं असेल तर व्यवहार दोन राज्यांतला होतो, म्हणून आयजीएसटी १८ टक्के. रक्कम तीच, १४,४००, पण खातं वेगळं. पीओ २९ चा आणि बिल २७ चं किंवा कर चुकीच्या खात्यात, असं झालं तर पीओ नंबर बरोबर असूनही परत येणार.

पण आयजीएसटी लावायच्या आधी विचारून घ्या की पीओ बेंगळुरूचा मुद्दाम केलाय की चुकून. काम चाकणच्या प्लांटसाठी आहे, तर त्यांना २७ चाच हवा असू शकतो.

खरेदी_खाते
मला चुकून वाटतंय. नवीन व्हेंडरचा पहिला पीओ करताना प्लांटचा कोड डिफॉल्ट राहतो. पण काही ग्रुपमध्ये सेफ्टी, ट्रेनिंग असले खर्च हेड ऑफिसच्या नावावरच घेतात. विचारल्याशिवाय कळणार नाही.

सीए_सातारा
यात माझंही पूर्ण समाधान नाहीये. सेवा वापरणारा प्लांट एका राज्यात आणि करार दुसऱ्या राज्यातल्या ऑफिसशी, अशा केसमध्ये सेवा नक्की कोणी घेतली यावर वाद होतात. तुमच्या पातळीवर लेखी मेल घ्या की बिल कोणत्या जीएसटीआयएनवर हवं, आणि पीओ त्याच्याशी जुळलेला असू द्या.

रेघोटी
विचारलं. पर्चेसच्या मॅडम म्हणाल्या चुकून झालं, चाकणचाच हवा, पीओ दुरुस्त करून देते. आज १० तारीख आहे. १३ च्या आत सुधारित पीओ आला नाही तर?

भोसरीचा_पान्हा
मॅडमच्या टेबलापाशी जाऊन बसा ताई. खरंच सांगतो, चाकण लांब नाही.

सीए_सातारा
नाही आला तर १३ तारखेला बिल काढाच. मॅडमनी चाकण हे मेलवर लिहिलंय का? असेल तर २७ च्या जीएसटीआयएनवर, सीजीएसटी-एसजीएसटी लावून. पीओ दुरुस्त होत असला तरी नंबर सहसा तोच राहतो, फक्त अमेंडमेंट पडते, तर तो नंबर आणि मूळ तारीख बिलावर घाला.

हिशेबनीस
सहमत, पण बिल काढणं आणि त्यांच्या मेलबॉक्समध्ये पाठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १३ ला बिल साहेबांना आणि मॅडमना मेल करा, म्हणजे तुमच्या बाजूने निघालं. अकाउंट्सच्या मेलबॉक्सला मात्र सुधारित पीओ हातात आल्यावर आणि साहेबांनी सर्व्हिस एंट्री केल्यावरच टाका. सर्व्हिस एंट्रीचं विचारलंत का? ती झाली नाही तर बिल परत येत नाही पण पुढेही जात नाही, नुसतं थांबून राहतं, आणि ते तुम्हाला कोणी कळवत नाही.

रेघोटी
मॅडमचा मेल आहे. सर्व्हिस एंट्रीचं नाही विचारलं, आत्ता साहेबांना मेल करते.

उमा_ठाणे
धागा सप्लायरना खरंच पाठवला. एकाने आज बिलावर नंबर लिहून पाठवलाय. चुकीचा लिहिलाय, पण लिहिलाय.

निवांत
😀😀

रेघोटी
साहेबांचं उत्तर आलं. सर्व्हिस एंट्री त्यांच्या लॉगिनमधून होत नाही, प्लांटच्या स्टोअरमधला एक माणूस करतो आणि तो सोमवारी येणार. सुधारित पीओ आज संध्याकाळी येईल असं मॅडम म्हणाल्यात. त्या माणसाला मी काय पाठवू, नुसता पीओ नंबर पुरेल?

हिशेबनीस
पीओ नंबर, ओळ क्रमांक, आणि साहेबांचा १४ मार्चचा ओके मेल जोडून. तारीख विचारेल, तेव्हा १४ मार्चच सांगा, बिलाची नाही. एंट्री झाली की तिचा नंबर मागून घ्या आणि पीओ नंबरच्या खाली तोही बिलावर छापा.